परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट हरवला तर: फ्रंट डेस्कसाठी सूचना (वर्धा रोड, नागपूर)

सर्व शिफ्टसाठी, विशेषतः नाईटला एकटे असणाऱ्यांसाठी.

पाहुणा घाबरून काउंटरवर आला की आधी त्याला लॉबीत बसवा, पाणी द्या. लायनीत उभं ठेवू नका. खालची वाक्यं साध्या इंग्रजीत, सावकाश बोला.

"तुम्ही बसा. चेक-इनच्या वेळी घेतलेली तुमच्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत आमच्याकडे आहे. तिचा पुढे खूप उपयोग होतो."

हे वाक्य सगळ्यात आधी, कारण ते ऐकून माणसाचा जीव भांड्यात पडतो. "कुठे ठेवला होता?" असं पुन्हा पुन्हा विचारू नका. त्याऐवजी:

"शेवटचा कुठे दाखवला, तिथून सुरू करू या."

नागपुरात याची उत्तरं बहुधा ठरलेली असतात: पेंच किंवा ताडोब्याच्या गेटवर ओळखपत्र म्हणून, विमानतळावर, सिमकार्डच्या दुकानात, पैसे बदलताना. जिप्सीच्या सीटखिशात राहून गेला असेल, म्हणून ड्रायव्हर, रिसॉर्ट आणि गेट, तिघांनाही फोन तुम्ही करा. भाषेमुळे पाहुण्याला ते जड जातं. खोली शोधताना पाहुणा हजर हवा आणि आपले दोघं. सेफ, उशीचे अभ्रे, लाँड्रीची पिशवी, सामानाचे बाहेरचे कप्पे पाहा. आपल्या डेस्कचा ड्रॉवरही उघडा. झेरॉक्स काढून परत द्यायचा राहिला नाही ना, ते तपासा.

शोध नीट संपल्याशिवाय वकिलातीला "हरवला" म्हणून कळवायची घाई नको. बहुतेक देश तो पासपोर्ट लगेच रद्द करतात. नंतर सापडला तरी चालत नाही. चोरी झाल्याची खात्री असेल तर मात्र थांबू नका.

नाहीच सापडला, तर पोलीस ठाणे. रेल्वेत गेला असेल तर रेल्वे पोलीस. आपला माणूस सोबत जाईल, पासपोर्टच्या प्रती घेऊन. तक्रारीची शिक्क्याची प्रत हातात आल्याशिवाय परतू नका; पासपोर्ट क्रमांक आणि नावाचं स्पेलिंग तिथेच जुळवा. पुढचं सगळं त्या कागदावर चालतं.

"मी तुमच्यासोबत येतो. मराठीत मी बोलतो, तुम्ही फक्त काय झालं ते सांगा."

त्यानंतर वकिलात. नागपुरात वकिलाती नाहीत; काही देशांची मुंबईत आहे, काहींची फक्त दिल्लीत. फोन आपल्या डेस्कवरून लावून द्या. तिथून नवा पासपोर्ट किंवा तात्पुरता प्रवास-दाखला मिळतो. तरीही देश सोडता येत नाही, कारण व्हिसा जुन्या पासपोर्टवर होता. indianfrro.gov.in वर अर्ज करून एक्झिट परमिट घ्यावं लागतं, राहायचं असेल तर व्हिसा नव्या पासपोर्टवर नोंदवावा लागतो. हे पाहुण्याला त्याच दिवशी सांगा, म्हणजे परतीचं तिकीट वेळेत बदलता येईल. मुंबईला विमानाने जायचं असेल तर कोणता कागद चालेल, ते एअरलाइनला आधी विचारून घ्या.

"सापडेलच" किंवा "दोन दिवसांत होईल" असं कुणीही म्हणायचं नाही. म्हणा:

"वेळ किती लागेल ते वकिलात सांगेल. तोवर खोलीची काळजी करू नका, मुक्काम वाढवायचं आम्ही बघतो."

झालेलं सगळं लॉगबुकात वेळेसह लिहा आणि पुढच्या शिफ्टला तोंडीही सांगा. सकाळी पाहुण्याला तीच हकीकत नव्याने सांगावी लागता कामा नये.