ग्रुपवरचे मेसेज डिलीट करण्याचे नियम (पिन केलंय, सगळ्यांनी पूर्ण वाचा)

राम राम मंडळी. रविवारच्या मीटिंगला बरेच जण ड्युटीमुळे नव्हते म्हणून जे ठरलं ते इथं लिहून टाकतोय. विषय एकच, मेसेज टाकायचा आणि मग डिलीट मारायचा. खालचं सगळं आजपासून लागू.

मागे टँकरचं काय झालं ते आठवा. नळ आला नाही म्हणून सकाळी ग्रुपवर पडलं की घरटी 150 रुपये वॉचमनकडे द्या, दुपारी टँकर येतोय. मग नळ येणार असं कळलं आणि मेसेज उडवला. उडवला ते उडवला, पुढं एक अक्षर लिहिलं नाही. तोवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पैसे देऊन मोकळ्या झालेल्या, आणि भुसावळला कामावर गेलेल्यांनी संध्याकाळी मोबाईल पाहिला तर वर नुसती मेसेज डिलीट केल्याची ओळ आणि खाली 'ओके', 'दिले', 'किती वाजता येईल'. कशाला ओके, कोणाला दिले, काही पत्ता नाही. काकूंना पैसे परत मागायचे तर दाखवायला मेसेजच नाही, त्यांना दोन दिवस उगाच सगळ्यांना समजावत बसावं लागलं.

म्हणून पैसे, पाणी, लिफ्ट, पार्किंग, मीटिंग, तक्रार यातलं काहीही टाकलं की ते डिलीट करायचं नाही. बदल झाला तर त्याच मेसेजला रिप्लाय करून 'रद्द' किंवा 'नवीन वेळ अमुक' असं लिहा. काम झालं तरी जुनी तक्रार राहू द्या, खाली 'झालं' एवढं टाका. लिफ्टवाला पुढच्या वेळी आला की मागच्या वेळी काय बिघडलं होतं ते त्यातूनच सापडतं. ज्या मेसेजवर एकानं जरी उत्तर दिलं तो तर बिलकुल काढू नका भाऊ, नाहीतर उत्तर देणारा माणूस येड्यासारखा दिसतो.

स्पेलिंग चुकलं, आकडा चुकला तर 15 मिनिटांत एडिट करता येतं, त्यासाठी डिलीट कशाला. आणि दुसऱ्या ग्रुपचं चुकून इथं पडलं तर खुशाल काढा, फक्त 'चुकून आलं होतं' एवढी एक ओळ टाका. ही ओळ क्षुल्लक वाटते पण नाही. आपल्याकडे कितीतरी घरी म्हातारी माणसं एकटी असतात, मुलं पुण्याला. रात्री अकराला तीन मेसेज लागोपाठ उडालेले दिसले की त्यांना झोप लागत नाही, गॅसचं काही झालं का, चोर आला का, की आपल्याबद्दलच कोणी काही लिहिलं. मला स्वतःला दोन आजींचे फोन आलेत यासाठी.

सगळ्यात वाईट म्हणजे आरोप करून पुसणं. वॉचमनवर पेट्रोल चोरीचा मेसेज आला, थोड्या वेळात गायब झाला. वाचलं त्यांच्या डोक्यात तो चोरच राहिला, न वाचलेले कुजबुज ऐकत राहिले, आणि त्या पोराला आपली बाजू मांडायला समोर काही उरलंच नाही. कोणावर काही म्हणायचं असेल तर आधी कमिटीशी बोला. आणि ग्रुपवर लिहिलंच असेल तर ते खरं नव्हतं हेही त्याच ग्रुपवर लिहा, नुसतं डिलीट चालणार नाही. डिलीट फॉर एव्हरीवन दोन दिवसांवर 12 तास उलटेपर्यंत चालतं, पण ज्यानं स्क्रीनशॉट काढला त्याच्याकडे तो राहतोच.

आता काय लगेच काढायचं: ओटीपी, आधारचा फोटो, बँकेचे नंबर, कोणाच्या लेकरांचे न विचारता टाकलेले फोटो, कोणाचा फोन नंबर. यात वाट पाहू नका. तुम्ही नाही काढलं तर ॲडमिन काढेल आणि खाली कारण लिहील. अफवा निघालेला फॉरवर्डही काढा, पण सोबत 'खोटं होतं' हे लिहाच.

ॲडमिनलाही हेच लागू. शिवीगाळ आणि वरच्या गोष्टी सोडून ॲडमिन कोणाचं काही काढणार नाही. कमिटीवर टीका केली, हिशोब विचारला, तर तो मेसेज जागेवर राहील आणि त्याला उत्तर मिळेल. हे मी आग्रहानं मीटिंगमध्ये मांडलं आणि सगळ्यांनी मान्य केलं. मेसेज आपोआप गायब होणारी सेटिंग बंद ठेवलीय, ती आता फक्त ॲडमिनच बदलू शकतो आणि मीटिंगमध्ये विचारल्याशिवाय बदलणार नाही.

वार्षिक सभेची नोटीस 14 दिवस आधी बोर्डावर लागणारच, ग्रुप त्याच्या जागी नाही.

कोणी नियम मोडला तर आधी पर्सनलवर सांगू, ग्रुपवर कोणाचा पाणउतारा करायचा नाही. पुन्हा पुन्हा झालं तर विषय मीटिंगमध्ये घेऊ. ज्या ताई, काकांना एडिट किंवा रिप्लाय कसं करायचं ते जमत नसेल त्यांनी रोज संध्याकाळी 7 नंतर सोसायटी ऑफिसात मोबाईल घेऊन या, बसून दाखवतो.