आत्मविश्वास आणि अहंकार : मुलास पत्र

कराड,
दि. १२ जानेवारी २०२५

चि. अनिरुद्ध यास अनेक आशीर्वाद.

गुरुवारी फोनवर तू विचारलेस, "बाबा, माझे उत्तर बरोबर होते, तरी सगळे मला अहंकारी का म्हणतात?" घाईघाईत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता, म्हणून आज रविवारी सवडीने लिहायला बसलो आहे.

आपल्याकडे 'फाजील आत्मविश्वास' हा शब्दप्रयोग इतका रूढ आहे की, आत्मविश्वास प्रमाणाबाहेर वाढला म्हणजे त्याचाच अहंकार होतो, असे पुष्कळांना वाटते. मला ते मान्य नाही. फाजील आत्मविश्वास असलेल्या मुलाचा स्वतःच्या तयारीचा अंदाज चुकलेला असतो आणि प्रश्नपत्रिका हातात पडली की तो दुरुस्तही होतो. अहंकाराचा तयारीशी संबंधच नाही. ज्याला सर्व येते तोही अहंकारी असू शकतो आणि ज्याला काहीच येत नाही तोही. हे गणित मला सुटेल, असे वाटणे हा आत्मविश्वास, आणि तो हातातल्या कामाविषयी असतो. मला सुटले व तुला सुटले नाही, म्हणून मी तुझ्याहून वरचा, असे वाटणे हा अहंकार. त्याला कोणीतरी आपल्या खाली असावे लागते.

तू भौतिकशास्त्राचा विद्यार्थी आहेस, म्हणून सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे उदाहरण देतो. १९३० साली बोटीने इंग्लंडला जाताना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी श्वेतबटू ताऱ्याच्या वस्तुमानाला मर्यादा असते हे गणिताने काढले. ती मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे, हे तुम्हांला शिकवलेच असेल. ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत त्यांनी हे काम मांडले, आणि लगेच पाठोपाठ सर आर्थर एडिंग्टन यांनी उठून ते निरर्थक ठरवले. सभेत हशा पिकला. समोर त्या काळचे अग्रगण्य खगोलशास्त्रज्ञ आणि बोलणारा चोवीस वर्षांचा परदेशी तरुण! चंद्रशेखर यांनी आपले म्हणणे मागे घेतले नाही, पण कोणाला टाकूनही बोलले नाहीत. त्यांनी तो वाद कोपनहेगनमधील भौतिकशास्त्रज्ञ रोझेनफेल्ड यांना पत्राने कळवला, नील्स बोर यांचेही मत घेतले. मला यातले सर्वांत महत्त्वाचे हेच वाटते. ज्याला आपल्या कामावर विश्वास असतो तो ते तपासायला दुसऱ्याच्या हाती देतो, कारण चूक निघाली तर त्याला ती हवीच असते. पुढे १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या आदल्याच वर्षी एडिंग्टन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त केंब्रिजला व्याख्याने देताना त्यांनी एडिंग्टन यांचा गौरव मोकळ्या मनाने केला होता.

एडिंग्टन यांनाही सरसकट अहंकारी ठरवू नकोस. १९१९ च्या खग्रास ग्रहणात ताऱ्यांच्या प्रकाशाचे वळणे मोजून आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताला पुरावा देणारे तेच होते, आणि तेव्हा त्यांचा भरवसा मोजमापावर होता. १९३५ साली मात्र, माझ्या मते, त्या मोजमापाची जागा त्यांच्या मानाच्या स्थानाने घेतली. एकाच माणसात दोन्ही राहतात, म्हणून तर हा फरक एकदा शिकून संपत नाही.

आता तुझ्या प्रयोगशाळेतील प्रसंगाकडे येतो. आलेखावरील एकके चुकली आहेत, हे तू तुझ्या जोडीदाराला सांगितलेस ते योग्यच केलेस. पण त्यानंतर, तूच सांगितलेस त्याप्रमाणे, चारचौघांत "तिसऱ्या वर्षाला येऊन एवढेही कळत नाही?" असे म्हणालास. पहिले वाक्य आलेखाविषयी होते, दुसरे त्या मुलाविषयी. पहिल्याने प्रयोग सुधारला. दुसऱ्याने काय साधले, याचे उत्तर तूच स्वतःला प्रामाणिकपणे दे. मुले तुला अहंकारी म्हणतात ती त्या दुसऱ्या वाक्यामुळे, अशी माझी खात्री आहे.

मात्र माझे हे पत्र वाचून यापुढे गप्प राहायचे ठरवू नकोस. "छे, मला कुठे काय येते" असे म्हणण्याला आपल्या घराघरांत नम्रता समजतात, पण येत असताना येत नाही म्हणणे हे असत्यच आहे. सरांनी फळ्यावर मांडलेली पायरी चुकली असे वाटले तर हात वर कर आणि तुला काय दिसते ते स्पष्ट सांग. फक्त वाक्याचा कर्ता ती पायरी असू दे, सर नव्हेत.

उद्या प्रयोगशाळेत गेलास की जोडीदाराशी आधी बोल. तुझी मोजणीही त्याला तपासायला दे, आणि त्याने काही चूक काढली तर ती कोणती, हे मला पुढच्या पत्रात सविस्तर लिही. आईने पाठवलेला डबा शनिवारच्या एसटीने येईल.

तुझा,
बाबा