गुरुवारच्या भेटीआधी थोडी माहिती

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

समोर बसून बोलताना जीभ अडेल, म्हणून लिहून पाठवतोय. वय 52. वर्षभरापासून ताठरता नीट येत नाही, आली तरी टिकत नाही. इच्छा आहे, पण पहाटे आपोआप यायची तीही जवळजवळ बंद झाली. लघवीचा त्रास नाही. जिना चढताना मात्र हल्ली धाप लागते. याचा संबंध असेल-नसेल, सांगून ठेवतो.

साखर आठ वर्षांपासून आहे, तीन महिन्यांची सरासरी 8.4. मेटफॉर्मिन 500 दोन वेळा, टेल्मिसार्टन 40 सकाळी, अ‍ॅटेनोलॉल 50 रात्री. अ‍ॅटेनोलॉल गेल्या दिवाळीत सुरू झालं, त्रासही साधारण तेव्हापासूनच. त्यामुळे असेल का? मनाने बंद केलेलं नाही. तंबाखू सुटलेली नाही.

मित्राने सिल्डेनाफिलची गोळी दिलीय, घेतलेली नाही. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायला सॉर्बिट्रेट घरात आहे. दोन्ही एकत्र घातक असतं म्हणतात ना? आधी हृदयाची तपासणी करायची का? टेस्टोस्टेरॉनसाठी सकाळी उपाशीपोटी येऊ? सौ.ना यायचंय, चालेल ना? आणि बाहेर कंपाउंडरसमोर कारण विचारू नये, एवढी विनंती.

आपला,
सुरेश