प्रश्न ३. पंधराव्या व सोळाव्या शतकांतील सागरी शोधमोहिमांमागील प्रेरणा आणि त्यांचे परिणाम यांचे, मूलनिवासी समाजांवरील परिणामांसह, समतोल विवेचन करा. (२० गुण)

उत्तर : १४५३ मध्ये ऑटोमन तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकले, पूर्वेचा खुश्कीचा मार्ग बंद झाला आणि म्हणून युरोपीय लोक समुद्रात उतरले, हे कारण सर्रास दिले जाते, पण ते अपुरे आहे. पोर्तुगालने उत्तर आफ्रिकेतील सेउटा १४१५ मध्येच घेतले होते आणि त्याची जहाजे १४३४ मध्ये बोजादोर भूशिर ओलांडून गेली होती. शिवाय इजिप्तच्या मामलुकांमार्फत व्हेनिसला मसाले मिळणे १४५३ नंतरही चालूच राहिले. मार्ग बंद झाला यापेक्षा त्या मार्गावरचा नफा दुसऱ्यांच्या हाती होता, हे पोर्तुगालचे खरे दुखणे होते. पश्चिम आफ्रिकेतील सोने आणि गुलाम यांचा व्यापार हाती येऊ लागल्यावर पुढच्या मोहिमांना पैसा आणि धीर दोन्ही मिळाले.

धर्मप्रसाराची प्रेरणा केवळ दिखाव्याची होती, असे मात्र म्हणता येत नाही. १४९८ मध्ये कालिकतला उतरलेल्या वास्को द गामाच्या माणसाला तुम्ही इथे कशासाठी आलात, असे विचारले गेले, तेव्हा ख्रिस्ती लोक आणि मसाले यांच्या शोधात आलो, असे त्याने सांगितले. ही दोन्ही उद्दिष्टे त्या काळच्या माणसाला परस्परविरोधी वाटत नव्हती. इस्लामी सत्तांशी शतकानुशतके लढलेल्या इबेरियन राज्यांत लढाई, लूट आणि धर्मकार्य ही एकाच कामाची अंगे मानली जात. तरीही मोहीम प्रत्यक्षात कशावर चालत होती, हे तिच्या करारांतून दिसते. १७ एप्रिल १४९२ च्या सांता फे येथील करारानुसार कोलंबसला नौसेनाधिपती व व्हाइसरॉय ही पदे आणि मिळणाऱ्या संपत्तीचा दहावा हिस्सा देण्याचे ठरले होते. ज्याने इतके कबूल करून घेतले, त्याला रिकाम्या हाताने परतणे परवडणारे नव्हते. पुढे जे घडले त्याचे मूळ बऱ्याच अंशी या वसुलीच्या तगाद्यात आहे.

कॅराव्हेल जहाजे, होकायंत्र आणि अ‍ॅस्ट्रोलेब यांमुळे हे प्रवास शक्य झाले. पण तंत्रज्ञान हे साधन होते, कारण नव्हे. हिंदी महासागरात तर नवे असे काही शोधायचेच नव्हते. गामाला मालिंदीहून मोसमी वाऱ्यांचा जाणकार वाटाड्या घ्यावा लागला, आणि कालिकतचा राजा झामोरिन याच्यासाठी त्याने नेलेल्या पट्टेदार कापड, टोप्या, हात धुण्याची भांडी, साखर, तेल व मध या भेटी तिथल्या व्यापाऱ्यांना हास्यास्पद वाटल्या.

परिणामांचा विचार करताना सर्वांत आधी कॅरिबियन बेटांकडे पाहावे लागते, कारण तिथे वसुलीची पद्धत उघडपणे दिसते. हिस्पॅनिओला बेटाच्या सोने सापडणाऱ्या भागात चौदा वर्षांवरील प्रत्येक ताइनो मूलनिवासी व्यक्तीने दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायात बांधतात त्या घुंगरात मावेल एवढे सोने द्यावे, असा दंडक कोलंबसने घातला. जिथे सोने नव्हते तिथे कापूस मागितला गेला. नदीच्या वाळूतून सोने वेचण्यासाठी शेती सोडावी लागली, आणि उपासमार व पलायन यांनी समाजाची घडी विस्कटली. पुढे एन्कोमियेंदा पद्धतीने गावेच्या गावे वसाहतवाल्यांना श्रमासाठी वाटून दिली गेली. १४९२ मध्ये तिथे किती लोक होते याचे अंदाज एक लाखापासून काही दशलक्षांपर्यंत जातात. मात्र १५१४ च्या वाटणीत मोजलेले मूलनिवासी सुमारे २६ हजारच भरले. त्या बेटावर देवीची साथ १५१८ च्या अखेरीस आली. इतर रोग त्याआधी आले असणे शक्य आहे, परंतु सगळा दोष जंतूंवर टाकून मोकळे होता येत नाही : उपाशी, थकलेल्या आणि विखुरलेल्या समाजात साथ अधिक बळी घेते.

मेक्सिकोचे चित्र वेगळे आहे. स्पॅनिश सेनानी कोर्तेसची मूठभर माणसे १५२१ मध्ये अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान जिंकू शकली ती प्रामुख्याने त्लाश्कालासारख्या अझ्टेकविरोधी राज्यांच्या हजारो योद्ध्यांच्या बळावर. त्यात १५२० च्या देवीच्या साथीने नवा राजा क्वितलावाकचाही बळी घेतला होता. त्लाश्कालाच्या लोकांनी स्वतःचा हिशेब करून पक्ष निवडला होता, आणि त्या बदल्यात मिळालेल्या सवलती त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. चिलीतील मापुचे लोकांनी तर स्पेनला शतकानुशतके थोपवून धरले. मूलनिवासींना केवळ बळी म्हणून रंगवणारे लिखाण सहानुभूतीने केलेले असले, तरी त्यांचे राजकारण त्यातून पुसले जाते.

स्थानिक श्रमशक्ती घटल्यावर आफ्रिकेतून गुलाम आणण्याचा व्यापार फोफावला आणि चार शतकांत सुमारे सव्वा कोटी माणसे जहाजांत कोंबली गेली. १५४५ मध्ये सापडलेल्या दक्षिण अमेरिकेतील पोतोसीच्या चांदीने युरोपातील भाववाढीला हातभार लावला, आशियाशी होणाऱ्या व्यापाराला चलन पुरवले आणि त्यातली काही मुघलांच्या रुपयांतही आली. ती चांदी खणणारे मात्र १५७० च्या दशकापासून ‘मिता’ नावाच्या सक्तीच्या पाळीने डोंगरात उतरणारे अँडीजमधील गावकरी होते.

जमेच्या बाजूला पिकांची देवाणघेवाण मोठी आहे. मका व बटाट्याने जुन्या जगाचे पोट भरले, आणि आपल्याकडे मिरची, काजू, पपई व शेंगदाणा आले. एकादशीच्या साबुदाण्याच्या खिचडीत टॅपिओकाचा साबुदाणा, बटाटा, दाण्याचे कूट आणि हिरवी मिरची हे सारे मूळचे अमेरिकेतील असूनही सोवळ्यात चालते, ही गंमत इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये. उलट दिशेने गेलेल्या घोड्याने उत्तर अमेरिकेच्या मैदानांतील कोमान्चे व लकोटा समाजांना काही काळ नवे सामर्थ्य दिले.

आशियात लोकसंख्येचा असा संहार झाला नाही, कारण इथले लोक त्याच रोगांना सरावलेले होते आणि इथली राज्ये प्रबळ होती. पोर्तुगीजांना किनाऱ्यावरील ठाणी आणि ‘कार्ताझ’ या समुद्री परवान्यांवर समाधान मानावे लागले. पण जिथे जमिनीवर त्यांची सत्ता बसली, तिथल्या समाजांना झळ लागलीच. १५१० मध्ये जिंकलेल्या गोव्यात सोळाव्या शतकाच्या मध्यापासून देवळे पाडली गेली. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला हलवावा लागला, आणि १५६० पासून इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय सुरू झाले.

या अत्याचारांना त्याच काळात विरोधही झाला. १५११ मध्ये हिस्पॅनिओलात मोन्तेसिनोस या डोमिनिकन धर्मगुरूने वसाहतवाल्यांना, ही माणसे नाहीत काय, असे प्रवचनातूनच विचारले. धर्मगुरू लास कासासच्या प्रयत्नांमुळे मूलनिवासींना संरक्षण देणारे १५४२ चे नवे कायदे आले. परंतु पेरूतील वसाहतवाल्यांनी बंड केले आणि एन्कोमियेंदा वारशाने देण्यावरची बंदी १५४५ मध्येच मागे घ्यावी लागली. १४९३ च्या पोपच्या फर्मानांतून आणि पुढच्या राजकीय दाव्यांतून आकाराला आलेला, ख्रिस्ती राज्याने ‘शोधलेल्या’ भूमीवर त्याचाच हक्क, हा सिद्धान्त मात्र टिकून राहिला. १८२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच आधारे मूलनिवासींना जमिनीवर केवळ वहिवाटीचा हक्क आहे, मालकीचा नाही, असे ठरवले. व्हॅटिकनने हा सिद्धान्त औपचारिकपणे अमान्य केला तो मार्च २०२३ मध्ये.