बॅटरी पंप: कुणी घ्यावा, कुणी घेऊ नये

राम राम मंडळी. हा 16 लिटरचा बॅटरी पंप मी सांगलीतनं 3,200 रुपयांना घेतलाय, माझ्या पैशानं. दुकानदारानं फुकट दिलेला नाही. पलूसकडं आमच्या रानात एक हंगाम वापरला: सोयाबीन, वांगी आणि उसातलं तण.

पहिली गोष्ट, खोक्यावर लिहिलंय एका चार्जिंगमध्ये 20 पंप. आमचे 11 झाले. म्हणजे एकराचं काम कसंबसं निघतं. चार्ज फुल असताना नोझलखाली बाटली धरून मिनिटभर मोजलं, 850 मिली आलं. दहाव्या पंपाला तेच 700. फवारा दिसायला तसाच दिसतो, औषध मात्र कमी पडत असतं. म्हणून शेवटचे दोन पंप मी जरा सावकाश चालतो.

आता खरी तक्रार. झाकणाचा वायसर. पहिल्याच दिवशी वाकलो आणि पाठीवर गार लागलं. घाम वाटला, निघालं औषध! हे हसण्यावारी न्यायचं काम नाही. वायसर बदलला, तेव्हापासून थेंब नाही. तुम्ही दुकानातच साधं पाणी भरून पंप आडवा करून बघा. दुकानदार तोंड वाकडं करंल, करू दे.

पट्टेही पातळ आहेत. भरलेला पंप 21-22 किलोच्या आसपास जातो. वडिलांनी दोन पंप मारले, तिसऱ्याला खाली ठेवला आणि म्हणाले, "हात मारायचा त्रास वाचला, पाठीचा कुठं वाचला?" बरोबरच आहे. मणक्याचं दुखणं असेल तर हा पंप तुमच्यासाठी नाही.

दोन एकरापर्यंत भाजीपाला, सोयाबीन, नाहीतर लहान उसातलं तण असेल तर बिनधास्त घ्या. हातपंपापेक्षा काम निम्म्या वेळात उरकतं. द्राक्षबाग असेल तर यावर पैसे घालू नका. बागेला ब्लोअर नाहीतर एसटीपीच पाहिजे, ह्याचा दाब पानाच्या आतपर्यंत पोचत नाही. डोक्याबरोबर आलेल्या उसातही हा घेऊन शिरण्यात अर्थ नाही.

आणि बागेच्या शेजारी उसात टू-फोर-डी मारणार असाल तर आधी वारं बघा. द्राक्षाला ते जरासुद्धा सोसत नाही, शेजाऱ्याशी कायमचं वैर होईल. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. नुसतं धुऊन त्यातच वांग्याचं औषध मारू नका.

हंगाम संपला की पंप माळ्यावर टाकून विसरू नका. आतली बॅटरी शिशाची आहे, उतरलेली पडून राहिली की मरते. महिन्यातनं एकदा चार्जिंगला लावा. आमच्या चुलत्यांची अशीच गेली, नवीन बॅटरीला हजाराच्या वर मोजले. बिल पक्कं घ्या आणि बॅटरीची वॉरंटी किती महिन्यांची, ते त्याच बिलावर लिहून घ्या.