प्रश्न ६ पूर्ण सोडवून: काउंटिंग आणि रेडिक्स सॉर्ट विरुद्ध कंपॅरिझन सॉर्ट (१५ मार्क)

सेकंड इयरवाल्यांनो, काल डाटा स्ट्रक्चर्सच्या सराव पेपरमधल्या ज्या प्रश्नावर सगळे अडकले होते तो इथे पूर्ण उत्तरासकट टाइप करतेय. पेपरात हे सगळं थोडं आवरून लिहायचं, पण मुद्दे आणि आकडे हेच ठेवा. आधी प्रश्न:

(अ) कुठल्याही कंपॅरिझन सॉर्टला वर्स्ट केसमध्ये Ω(n log n) तुलना लागतातच हे सिद्ध करा. ४ मार्क
(ब) 4 2 0 4 5 2 2 1 या ॲरेवर काउंटिंग सॉर्ट चालवून दाखवा, तो स्टेबल का ते सांगा. ४ मार्क
(क) 407 125 312 425 107 322 वर रेडिक्स सॉर्ट चालवा. "रेडिक्स सॉर्ट O(n) आहे, म्हणजे (अ) मधला नियम मोडला" हे विधान बरोबर की चूक? ४ मार्क
(ड) तीन प्रसंग दिलेत, प्रत्येकात कुठला सॉर्ट घ्याल ते कारणासकट लिहा. ३ मार्क

उत्तर (अ)

कंपॅरिझन सॉर्ट म्हणजे असा सॉर्ट ज्याला आकड्यांबद्दल फक्त एकच गोष्ट विचारता येते, हा त्याच्यापेक्षा लहान आहे का. बबल, इन्सर्शन, मर्ज, क्विक, हीप सगळे यातच आले. असा कुठलाही सॉर्ट घ्या, तो विचारत असलेल्या प्रश्नांचं एक झाड काढता येतं, प्रत्येक नोडवर एक तुलना आणि खाली दोन फांद्या, हो आणि नाही. यालाच डिसिजन ट्री म्हणतात. खाली पानावर पोचलो की उत्तर मिळालं, म्हणजे कुठला क्रम ते ठरलं.

आता n वेगवेगळे आकडे n! प्रकारे मांडलेले येऊ शकतात आणि प्रत्येक मांडणीला वेगळं पान हवंच, कारण दोन मांडण्या एकाच पानावर आल्या तर दोघींना एकच अदलाबदल लागू होईल आणि त्यातली एक नक्की चुकेल. उंची h असलेल्या बायनरी झाडाला जास्तीत जास्त 2^h पानं असतात. म्हणून

```
2^h >= n!
h >= log2(n!) >= (n/2) * log2(n/2)
```

शेवटची पायरी अशी येते की n! मधल्या मोठ्या अर्ध्या संख्या प्रत्येकी किमान n/2 आहेत, बाकीच्या सोडून दिल्या तरी चालतं. म्हणजे h = Ω(n log n). झाडाची उंची म्हणजेच वर्स्ट केसमधल्या तुलना, सिद्धता संपली.

याच्या खाली एक छोटं उदाहरण टाकाच, त्याने तपासणाऱ्याला कळतं की तुम्ही पाठ करून आलेला नाही. तीन आकड्यांच्या ६ मांडण्या होतात, दोन तुलनांत जास्तीत जास्त ४ पानं मिळतात म्हणून तीन लागतातच. पाच आकड्यांच्या १२० मांडण्या, सहा तुलनांत ६४ पानं, पुरत नाहीत, म्हणून किमान सात.

उत्तर (ब)

काउंटिंग सॉर्ट तुलना करतच नाही. तो आकडा बघतो आणि त्या आकड्यालाच ॲरेचा इंडेक्स म्हणून वापरतो. हे वाक्य उत्तरात पहिलं लिहा, पुढचं सगळं यावरच उभं आहे. अट एकच, आकडे 0 ते k या ठरलेल्या रेंजमधले पूर्णांक हवेत.

```c
void countingSort(int A[], int B[], int n, int k) {
    int C[k+1];
    for (int i = 0; i <= k; i++) C[i] = 0;
    for (int j = 0; j < n; j++)  C[A[j]]++;
    for (int i = 1; i <= k; i++) C[i] += C[i-1];
    for (int j = n-1; j >= 0; j--) {
        C[A[j]]--;
        B[C[A[j]]] = A[j];
    }
}
```

आपल्या ॲरेत n = 8, k = 5. दुसऱ्या लूपनंतर आणि तिसऱ्या लूपनंतर C असा दिसतो:

```
इंडेक्स   0 1 2 3 4 5
मोजणी    1 1 3 0 2 1
बेरीज     1 2 5 5 7 8
```

बेरजेच्या ओळीचा अर्थ नीट बघा. C[2] = 5 म्हणजे 2 किंवा त्याहून लहान असे पाच जण आहेत, म्हणून शेवटचा 2 इंडेक्स 4 वर बसणार. C[3] पण 5 आहे कारण 3 एकदाही आलेला नाही, इथे बरेच जण ट्रेस करताना 0 तसाच ठेवतात आणि पुढचं सगळं घसरतं.

मग उजवीकडून डावीकडे येत एकेक उचलायचा. 1 जातो B[1] ला, मग 2 जातो B[4] ला, त्याच्या आधीचा 2 जातो B[3] ला, 5 जातो B[7] ला, 4 जातो B[6] ला, 0 जातो B[0] ला, सगळ्यात पहिला 2 जातो B[2] ला आणि पहिला 4 जातो B[5] ला. निकाल 0 1 2 2 2 4 4 5.

स्टेबल का, तर तिन्ही 2 बघा. मूळ ॲरेत जो शेवटचा होता तो B[4] ला, मधला B[3] ला, पहिला B[2] ला, म्हणजे सारख्या आकड्यांचा आपसातला क्रम तसाच राहिला. हे होतं कारण आपण उजवीकडून चालतो आणि प्रत्येक वेळी C एकने कमी करतो. शेवटचा लूप डावीकडून चालवला तरी सॉर्ट बरोबरच होईल पण सारख्यांचा क्रम उलटा होईल आणि स्टेबिलिटी गेली. नुसते आकडे असतील तर फरक दिसत नाही, पण प्रत्येक आकड्याबरोबर विद्यार्थ्याचं नाव असेल तर लगेच दिसतो.

वेळ Θ(n + k), जादा जागा पण Θ(n + k). बेस्ट, वर्स्ट सगळं सारखंच कारण ॲरे आधीच सॉर्ट असला तरी चारही लूप पूर्ण फिरतात. निगेटिव्ह आकडे आले तर सगळ्यांतून सर्वात लहान आकडा वजा करून रेंज 0 पासून सुरू करायची.

उत्तर (क)

रेडिक्स सॉर्टमध्ये एकक स्थानापासून सुरुवात करून प्रत्येक स्थानावर एक स्टेबल सॉर्ट चालवतात, बहुतेक वेळा काउंटिंग सॉर्टच.

```
मूळ     407 125 312 425 107 322
एकक     312 322 125 425 407 107
दशक    407 107 312 322 125 425
शतक    107 125 312 322 407 425
```

शेवटच्या पासमध्ये 107 आणि 125 दोघांचा शतकाचा अंक 1 आहे. 107 पुढे राहिला तो फक्त यामुळे की दशकाच्या पासनंतर तो आधीच पुढे होता आणि शतकाच्या पासने तो क्रम हलवला नाही. आतला सॉर्ट स्टेबल नसेल तर इथे 125 107 असं येऊ शकतं आणि अख्खं उत्तर चुकतं. "आतला सॉर्ट स्टेबल हवा" एवढंच लिहून थांबू नका, ही जोडी दाखवा.

पंच कार्ड सॉर्ट करणारी जुनी मशीन्स पण कार्डं अशीच उजवीकडच्या कॉलमपासून एकेक कॉलम करून लावायची, तेव्हा ही आयडिया कॉम्प्युटरच्या आधीची आहे. कॉम्प्युटरवर मोजणी वापरून हे करायची पद्धत १९५४ मध्ये एमआयटीत हॅरोल्ड सीवर्डने मांडली.

आता विधान. ते चूक आहे आणि दोन कारणांनी चूक आहे, दोन्ही लिहा.

पहिलं, (अ) मधला नियम फक्त तुलना करणाऱ्या सॉर्टना लागू आहे. रेडिक्स अंक बघून सरळ डब्यात टाकतो, एका पावलात दोन फांद्या नाही तर बेस जितका तितक्या फांद्या फुटतात, त्यामुळे ती सिद्धता त्याच्यावर चालतच नाही. नियम मोडला असं म्हणता येत नाही, तो इथे लागूच नव्हता.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आणि तेच बहुतेकांचं राहतं. रेडिक्सची वेळ Θ(d(n + b)), इथे d म्हणजे अंक किती आणि b म्हणजे बेस. d ठरलेला असेल तरच हे O(n) होतं. पण n आकडे सगळे वेगवेगळे असतील तर d अंकांत b^d च आकडे मावतात म्हणून d >= log_b(n) हवाच. बेस 10 वर अडवून ठेवला तर n वाढेल तसा d पण वाढतो आणि वेळ परत n log n वरच येते! सुटायचं असेल तर बेस n बरोबर वाढवायचा. आकडे 0 ते n^2 - 1 मध्ये असतील तर बेस n घ्या, दोनच अंक होतात, वेळ Θ(2(n + n)) म्हणजे Θ(n). तेव्हा "रेडिक्स O(n)" असं कधीच एकटं लिहू नका, सोबत रेंज किती ते लिहाच.

उत्तर (ड)

पहिला प्रसंग, १५ लाख विद्यार्थ्यांचे १०० पैकी मार्क, सगळे पूर्णांक. इथे डोळे झाकून काउंटिंग सॉर्ट. k फक्त 100 आहे, ॲरेवरून दोन फेऱ्या म्हणजे साधारण ३० लाख पावलं. मर्ज सॉर्टला log2(1500000) जवळपास 20.5 येतो, म्हणजे तीन कोटींच्या आसपास तुलना. जावाची `Arrays.sort` सुद्धा मोठ्या byte ॲरेला काउंटिंग सॉर्टच लावते, कारण तिथे किमती २५६ च असू शकतात.

दुसरा प्रसंग, दहा अंकी १००० मोबाइल नंबर. काउंटिंग सॉर्ट इथे नको, 10^10 खाने लागतील, एका खान्याला ४ बाइट धरले तरी ४० जीबी, आणि तेही हजार नंबरांसाठी. रेडिक्स बेस 10 ने केला तर 10 × (1000 + 10) = 10100, मर्ज सॉर्टला n log n जवळपास 10000, म्हणजे काहीच मिळवलं नाही. बेस 1000 घेतला तर चार पास, 4 × 2000 = 8000, थोडासाच फायदा. म्हणून माझं उत्तर साधा मर्ज सॉर्ट किंवा क्विक सॉर्ट. पण नंबर १० लाख झाले की चित्र पालटतं, बेस 1000 ने 4 × 1001000 म्हणजे ४० लाखांच्या आसपास आणि मर्जला दोन कोटी, तिथे रेडिक्स घ्या.

तिसरा प्रसंग, दुकानाच्या वस्तूंची यादी, आधी रेटिंग जास्त तो वर, रेटिंग सारखं तर किंमत कमी तो वर, तेही सारखं तर नावाने. इथे कंपॅरिझन सॉर्ट. दोन वस्तूंतली कुठली आधी हे सांगणारं एक फंक्शन लिहिलं की काम झालं, डाटा कुठल्या टाइपचा आहे याची सॉर्टला पर्वा नाही. नावांची लांबी वेगवेगळी, रेटिंग दशांशात, हे सगळं ठरलेल्या रेंजच्या पूर्णांकांत बसवत बसणं नको. मर्ज सॉर्ट लिहा, स्टेबल पण आहे. जागा कमी असेल असं प्रश्नात दिलं तर हीप सॉर्ट, त्याला जादा जागा O(1) लागते, पण तो स्टेबल नाही हे सोबत लिहायचं.