रात्री काय करू?

मावशी, रात्रीला काहीतरी चमचमीत सुचव ना, वरणभात खाऊन सगळे कंटाळलेत, आत्ता ठाण्याहून लोकल पकडलीये, नेरूळला घरी पोचेपर्यंत साडेसात होतील

अगं सुचवते पण आधी सांग, जेवायला किती जण? आज गुरुवार, सासूबाईंचा उपास आहे का, आणि जावईबापूंना अंडं चालतं की तेही बंद? शुगरवालं कोणी असेल तर बटाटा-भात नकोच. वेळ किती आहे गं, कारण वाटणाची भाजी म्हटली की कांदा-खोबरं भाजण्यातच जीव जातो. फ्रिजमध्ये काय पडलंय? मोडाची मटकी असली तर सरळ मिसळ कर, फरसाण-पाव येताना घे. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी नाही ना कोणाला, तुमच्याकडे हल्ली काहीही निघतं 😄